लोहखनिजातलं लोह पावणेतीन टक्क्यांनी जास्त का येत होतं

गोव्याच्या हेमाटाइटचा, 60.1 टक्के लोह असलेला माहितीचा नमुना होता. माझं उत्तर मात्र 62.8!

0.2500 ग्रॅम भुकटी तीव्र हायड्रोक्लोरिक आम्लात विरघळवली. गरम द्रावणात स्टॅनस क्लोराइड थेंबाथेंबाने टाकून पिवळा रंग घालवला, वर दोनच थेंब जास्त. थंड करून मर्क्युरिक क्लोराइड टाकलं, तर रेशमी पांढरा साका आला. (काळा आला असता तर नमुना फेकूनच द्यायचा.) म्हणजे इथवर सगळं बरोबर.

मग 0.02 मोलर परमँगनेट 28.1 मिली लागलं. गुलाबी रंग टिकेना आणि क्लोरीनचा वास येत होता. तिथे डोकं चाललं: लोहाच्या सान्निध्यात परमँगनेट क्लोराइडचंही ऑक्सिडीकरण करतं, म्हणून ते जास्त खर्च होतं.

पुढच्या वेळी 25 मिली झिमरमन-रेनहार्ट द्रावण घातलं. त्यातलं मँगेनीज सल्फेट हा जादा खर्च थांबवतं, फॉस्फोरिक आम्ल फेरिकचा पिवळेपणा झाकतं. द्रावण 300 मिलीपर्यंत पातळ करून ब्युरेट सावकाश सोडली.

आता 26.9 मिली. दर मिलीला 5.585 मिलिग्रॅम लोह, म्हणजे 150.2 मिलिग्रॅम: 60.1 टक्के. पाऱ्याचं सांडपाणी सिंकमध्ये न ओतता वेगळ्या बाटलीत ठेवलं.