सेल्समनचा इन्सेन्टिव्ह ठरवताय? या चुका टाळा, नायतर शीट एक सांगेल आणि खिशातनं दुसरंच जाईल

उदाहरण फरसाण-नमकीनवाल्याचं घेऊ, कारण असे धंदे आपल्याकडे गावोगाव आहेत आणि स्कीमही साधारण सारखीच असते. 8 सेल्समन, प्रत्येकाला महिन्याला 6 लाखाचं टार्गेट. 5.4 लाखाच्या खाली काही नाही, 5.4 झाले की पूर्ण सेलवर 1%, 6 लाख झाले की 1.5% आणि 6.6 लाख झाले की 2.5%.

सगळ्यात मोठी चूक इथं प्रोजेक्शन बनवतानाच होते. मालक म्हणतो टीमचा टोटल सेल 48 लाख, म्हणजे 100% टार्गेट, म्हणून 1.5% लावा, 72,000 झाले, पुढची ओळ. पण इन्सेन्टिव्ह टीमला मिळत नाही हो, माणसाला मिळतो! तेच 48 लाख असे आले समजा: दोघांनी प्रत्येकी 7.5 लाख केले, दोघांनी 6.6, दोघांनी 5.5 आणि दोघं 4.4 वर अडकले. आता हिशोब करा, वरच्या चौघांनाच 70,500 जातात आणि मधल्या दोघांचे 11,000, एकूण 81,500. वर्षभर असंच चाललं तर 1 लाख 14 हजारांचा फरक, आणि सेल तर बरोबर टार्गेटएवढाच.

मंदीच्या महिन्यात तर अजून मजा. प्रत्येकाचा सेल 15% पडला तर टीम 85% वर येते, शीट म्हणतं इन्सेन्टिव्ह शून्य. प्रत्यक्षात वरच्या चौघांना मिळून 30,000 च्या वर द्यावेच लागतात, तेही ज्या महिन्यात हातात पैसा कमी तेव्हाच. म्हणून शीटमधे माणसागणिक एक ओळ ठेवा, मागच्या वर्षीचे प्रत्येकाचे महिन्याचे आकडे टाका आणि स्कीम त्याच्यावर चालवून बघा. सरासरीवर अजिबात नाही.

दुसरी चूक स्लॅबमधेच आहे. 6,59,000 चा सेल केला तर 9,885 मिळतात, 6,60,000 केला तर 16,500. म्हणजे शेवटच्या हजाराच्या बिलाला साडेसहा हजाराच्या वर बक्षीस! मग 30 तारखेला पोरगा काय करणार, ओळखीच्या दुकानात माल कोंबणार, "ठेवून घ्या शेठ, नाय खपला तर पुढच्या महिन्यात परत नेतो". त्याला दोष देऊन उपयोग नाही, आपणच तसं लिहून दिलंय. हे होतंय का बघायचं तर महिन्याच्या शेवटच्या 5 दिवसांचं बिलिंग आणि पुढच्या महिन्याच्या पहिल्या 10 दिवसांतले रिटर्न शेजारी ठेवा, त्याच पार्टीची नावं दोन्हीकडे दिसली की समजून जा.

इलाज सोपा आहे, वरचा रेट पूर्ण सेलवर न देता फक्त वरच्या रकमेवर द्या. उदा. 4.2 लाखाच्या पुढं 6 लाखापर्यंत 4% आणि 6 च्या पुढच्यावर 8%, B2 मधे त्या माणसाचा महिन्याचा सेल:

```
=MAX(0,MIN(B2,600000)-420000)*4%+MAX(0,B2-600000)*8%
```

वरच्याच आठ जणांना हे लावलं तर एकूण 74,400 होतात, 4.4 वाल्यालाही 800 मिळतात म्हणजे तो 15 तारखेलाच हात टेकत नाही, आणि कुठेही उडी नाही. फक्त तो 8% तुमच्या मार्जिनमधे बसतो का ते आधी बघा, डीलरची स्कीम, गाडीभाडं सगळं वजा करून. फारच कमी उरत असेल तर रेट खाली आणा.

आता सेल म्हणजे नेमकं काय, हे कागदावर लिहिलेलं नसतं आणि भांडणं तिथंच होतात. बिलाची टोटल धरू नका, जीएसटी सोडून आणि डिस्काउंट वजा करून जी रक्कम येते ती धरा. 22 सप्टेंबर 2025 पासून पॅकबंद नमकीनचा जीएसटी 12 वरून 5% झाला, तेव्हा बिलाच्या टोटलवर टार्गेट असेल तर 6 लाखाच्या त्याच मालाचं बिल 6.72 वरून 6.30 लाखावर आलं, पोराने काही कमी विकलं नाही तरी टार्गेट हुकलं. क्रेडिट नोट ज्या महिन्यात येईल त्या महिन्याच्या सेलमधून वजा, आणि हे स्कीम सुरू करायच्या आधी सांगायचं, नंतर कापलं की माणूस सोडून जातो.

वसुलीचंही तसंच. मार्केटला 21 दिवस उधारी आणि इन्सेन्टिव्ह 10 तारखेला दिला तर महिनाअखेरच्या बिलांचे पैसे दुकानदाराकडून यायच्या आधीच आपले गेलेले असतात. अर्धा बिलिंगवर आणि उरलेला वसुली झाल्यावर, असं बरेच जण करतात ते बरं पडतं. पण खर्च मात्र पूर्णच्या पूर्ण सेलच्याच महिन्यात धरा, नायतर दिवाळीचा नफा फुगलेला दिसतो आणि पुढचा महिना उगाच तोट्यात जातो.

आणि वर्षाचं टार्गेट भागिले 12 करू नका प्लीज, दिवाळीच्या महिन्यात सगळेच 8% वर जाऊन बसतील.