डबल एक्स्पोजर करताना या चुका टाळा: सिल्हूटमध्ये जंगल नीट का उतरत नाही?

बाजूने काढलेला चेहरा, मागे पांढरी भिंत, त्यावर डोंगर आणि झाडांचा फोटो, आणि लेयरचा मोड स्क्रीन. फोटोशॉपमधल्या बहुतेक ट्युटोरियल्समध्ये इथेच काम फत्ते होतं. आपण करायला जातो तेव्हा मात्र झाडं गालावर दुधात बुडाल्यासारखी फिकट दिसतात, भिंतीवर त्यांची सावली उमटते आणि डोक्याचा वरचा भाग गायब होतो. मग लोक ऑपॅसिटी कमी-जास्त करत बसतात. त्यानं काहीच सुटत नाही, कारण गडबड ऑपॅसिटीत नसून दोन्ही फोटोंच्या टोनमध्ये असते.

स्क्रीन मोडचं गणित एका ओळीचं आहे. A म्हणजे खालच्या फोटोतला पिक्सेल, B म्हणजे वरच्या फोटोतला, आणि ० म्हणजे काळा, २५५ म्हणजे पांढरा.

```
255 - (255 - A) × (255 - B) / 255
```

खाली पांढरं असेल तर वर काहीही ठेवा, उत्तर पांढरंच येतं. खाली काळं असेल तर वरचं चित्र जसंच्या तसं दिसतं. म्हणजे लँडस्केप फक्त काळोखात भरतं. पुढच्या जवळजवळ सगळ्या चुका याच एका गोष्टीकडे दुर्लक्ष केल्यानं होतात.

चेहरा उजळ ठेवणे

समजा केसांचा टोन २० आहे आणि गालाचा १५०. लँडस्केपमधली झाडं ३० ची, आकाश २०० चं. केसांवर झाडं ४८ आणि आकाश २०४ च्या आसपास येतं. फरक भरपूर, त्यामुळे एकेक फांदी दिसते. गालावर तीच झाडं १६२ आणि आकाश २३२. दोन्हींत जेमतेम ७० चा फरक उरतो आणि त्यातही काळं असं काहीच नसतं. जो दुधाळपणा आपल्याला खटकतो तो हाच.

त्यामुळे स्क्रीन लावण्याआधी पोर्ट्रेट गडद करा. लेव्हल्समध्ये काळा स्लायडर ४० वर, मधला ०.६० वर आणि पांढरा २३० वर नेला, तर गालाचा १५० उतरून साधारण १०३ होतो. आता त्याच गालावर झाडं १२१ आणि आकाश २२२ च्या जवळ येतं. केसांइतकं ठळक नाही, पण झाडं झाडांसारखी दिसतात. नाकाचा आणि कपाळाचा उजळ भाग तरीही उजळ राहतो, आणि तो राहायलाच हवा; सगळा चेहरा काळा केला तर माणूस उरत नाही, नुसता कटआउट उरतो.

रंगांचंही असंच. स्क्रीनचं गणित लाल, हिरव्या आणि निळ्या चॅनेलवर वेगवेगळं चालतं, म्हणून त्वचेचा तांबूस रंग झाडांच्या हिरव्यात मिसळून मळकट छटा येते. पोर्ट्रेट आधी ब्लॅक अँड व्हाइट करावं आणि रंग द्यायचाच असेल तर शेवटी, सगळ्यावर एकदाच द्यावा.

‘पांढरी’ भिंत खरंच पांढरी आहे का, हे न तपासणे

डोळ्याला पांढरी दिसणारी भिंत प्रत्यक्षात २३५ असू शकते. तिच्यावर आकाश २५१ होतं आणि झाडं २३७. फरक किरकोळ वाटतो, पण सपाट पार्श्वभूमीवर तो भुतासारखा उमटतो. साध्या मॉनिटरवर कदाचित नजरेतून सुटेल, प्रिंटमध्ये दिसेल.

तपासायला सोपं आहे. लँडस्केपचा लेयर बंद करा, सगळ्यात वर थ्रेशोल्ड ॲडजस्टमेंट टाका आणि आकडा २५५ करा. पूर्ण पांढरं नसलेलं सगळं काळं दिसेल. सिल्हूटबाहेर काळे डाग दिसले तर भिंत अजून मळलेली आहे.

वरच्या लेव्हल्समध्ये पांढरा स्लायडर २३० वर गेल्यामुळे २३५ ची भिंत आपोआप २५५ होते, पण त्यात एक खोच आहे. माणसाने फिकट शर्ट घातला असेल तर कॉलरही २३० च्या वर असू शकते आणि भिंतीबरोबर तीही उडते. अशा वेळी दोन कामं वेगळी ठेवा: भिंतीचं सिलेक्शन करून मास्कसह एक लेव्हल्स, माणसासाठी दुसरं.

गडद पार्श्वभूमीचा फोटो असेल तर हा सगळा खटाटोप उलटा पडतो, कारण लँडस्केप सगळीकडे भरेल. तिथे माणूस कापून पांढऱ्यावर ठेवण्यावाचून गत्यंतर नाही. कापताना कडेला जुन्या पार्श्वभूमीची काळपट रेघ राहिली तर `Select and Mask` मध्ये कड थोडी आत ढकला.

कडेवर उजळ आकाश येऊ देणे

डोक्याचा वरचा भाग गायब होतो तो इथे. केस अगदी काळे असले तरी त्यांच्यावर २५० चं आकाश आलं की केसही २५० होतात, आणि बाहेर २५५. कड संपली. लँडस्केप उचलून असं बसवा की डोंगराचा गडद उतार किंवा झाडांची रांग डोक्याच्या मागच्या गोलाईवर येईल आणि आकाश चेहऱ्याच्या आतल्या भागात पडेल. फोटो आडवा फ्लिप करून किंवा उलटा करूनही बरेचदा जमतं. नाहीच जमलं तर लँडस्केपला क्लिप केलेल्या लेव्हल्समध्ये आउटपुटचा पांढरा २५५ वरून १९० वर आणा. माझ्या मते धुक्यातल्या पांढऱ्याफटक आकाशापेक्षा ढगाळ, करड्या आकाशाचा फोटो निवडणं केव्हाही बरं.

मास्कऐवजी चित्रावरच ब्रश फिरवणे

ही सगळ्यात फसवी चूक. डोळा आणि ओठ मोकळे करण्यासाठी लँडस्केपच्या मास्कवर मऊ काळा ब्रश, १०-१५ टक्के फ्लोवर फिरवायचा असतो. पण निवड मास्कच्या थंबनेलऐवजी चित्राच्या थंबनेलवर असेल तरी परिणाम हुबेहूब तोच दिसतो, कारण स्क्रीनमध्ये काळं म्हणजे पारदर्शक. चूक लक्षातच येत नाही. झाडं परत आणायला पांढरा ब्रश घेतला की झाडांऐवजी पांढरे ढब्बे उमटतात, तेव्हा कळतं की मूळ फोटो खाली पुसला गेलाय. अधूनमधून मोड नॉर्मल करून पाहा: झाडांवर काळे पट्टे दिसले तर ब्रश चुकीच्या जागी चाललाय. लँडस्केप आधीच स्मार्ट ऑब्जेक्ट करून ठेवलं तर त्यावर थेट ब्रश चालतच नाही.

लेयर ग्रुपमध्ये टाकल्यावर स्क्रीनचा परिणामच नाहीसा झाला, तर ग्रुपचा मोड पाहा. तो `Pass Through` वरून नॉर्मल झाला असेल, तर आतला लेयर ग्रुपबाहेरच्या पोर्ट्रेटशी मिसळत नाही.

सिल्हूटबाहेर झाडं काढण्यासाठी स्क्रीनशी झगडणे

डोक्यातून दोन-चार शेंडे बाहेर डोकावले की चित्र खुलतं. पण पांढऱ्यावर स्क्रीन काहीच दाखवणार नाही, मास्क कितीही पांढरा करा. लँडस्केपची कॉपी त्याच जागी ठेवून तिचा मोड मल्टिप्लाय करा, मास्क पूर्ण काळा करा आणि बारीक पांढऱ्या ब्रशने फक्त बाहेरचे शेंडे उघडा. ब्रश केसांवर गेला तर तिथली झाडं एकदम काळी पडतील, तेवढा भाग परत झाका. शेंड्यांभोवती आकाशाचा करडा पट्टा दिसला, तर या कॉपीला वेगळं लेव्हल्स क्लिप करून आकाश २५५ पर्यंत न्या. खालच्या स्क्रीनच्या कॉपीला हात लावू नका, तिथे तेच आकाश आपण मुद्दाम १९० वर आणलेलं आहे.