या चुका टाळा : अर्ध्या चेहऱ्यांच्या जोडचित्रांवरून चेहऱ्याचा वाकडेपणा ठरवताना

समोरून काढलेला फोटो नाकाच्या मधोमध उभा कापायचा, डाव्या अर्ध्या भागाची उलटी प्रत त्यालाच जोडून एक चेहरा तयार करायचा आणि उजव्या अर्ध्या भागाचा तसाच दुसरा, हा प्रयोग आता फोन वापरणाऱ्या कोणालाही दोन मिनिटांत करता येतो. त्यातून निघणारे दोन चेहरे एकमेकांपासून इतके वेगळे दिसतात, की आपल्या चेहऱ्याच्या दोन बाजूंत फार मोठा फरक आहे असे पाहणाऱ्याला मनापासून वाटू लागते. काही जण त्या धास्तीने दंतवैद्यांकडे किंवा प्लास्टिक सर्जनकडेही जातात. वास्तविक प्रत्येक निरोगी चेहऱ्याच्या दोन बाजू थोड्याफार वेगळ्या असतातच. परंतु जोडचित्रात दिसणारा फरक बहुतेक वेळा चेहऱ्याचा नसून फोटो काढण्याच्या आणि कापण्याच्या पद्धतीचा असतो. तो कसा निर्माण होतो, हे साध्या आकड्यांनी दाखवता येते.

पहिली आणि सर्वांत मोठी चूक : किंचित वळलेली मान

दोन्ही बाजू तंतोतंत सारख्या असलेला एक काल्पनिक चेहरा घेऊ. गालाच्या हाडांपाशी त्याची रुंदी १४० मिलिमीटर आहे, म्हणजे मध्यरेषेपासून दोन्हीकडे ७०-७० मिलिमीटर. नाक मात्र गालांच्या कडांच्या पातळीत नसते, ते बरेच पुढे असते. येथे ते ६० मिलिमीटर पुढे आहे असे धरू. आता या व्यक्तीने मान स्वतःच्या डावीकडे फक्त ५ अंश वळवली. एवढे वळण फोटो काढणाऱ्याच्या सहसा लक्षात येत नाही आणि ज्याचा फोटो काढला जात आहे त्यालाही ते जाणवत नाही.

या वळणाने गालांच्या कडा जवळपास जागच्या जागी राहतात, कारण बाजूचे बिंदू वळताना प्रामुख्याने पुढे-मागे सरकतात. पुढे असलेले नाक मात्र सुमारे ५ मिलिमीटर डावीकडे सरकते. फोटोत आता नाकापासून डाव्या गालाच्या कडेपर्यंत साधारण ६५ आणि उजव्या गालाच्या कडेपर्यंत साधारण ७५ मिलिमीटर अंतर दिसते. नाकावरून फोटो कापला आणि प्रत्येक अर्धा भाग दुप्पट केला, की डाव्या बाजूचा चेहरा १३० मिलिमीटर रुंद होतो आणि उजव्या बाजूचा १५० मिलिमीटर. उंची दोघांचीही तीच राहते, त्यामुळे एक चेहरा लांबट व निमुळता दिसतो आणि दुसरा पसरट व भरलेला. मूळ चेहऱ्यात काडीचाही फरक नसताना जोडचित्रांत २० मिलिमीटरचा फरक उभा राहिला.

हा गुणाकार नीट पाहावा. मध्य जेवढा सरकतो, तेवढी एक बाजू घटते आणि तेवढीच दुसरी वाढते, म्हणून दोन अर्ध्या भागांतला फरक सरकण्याच्या दुप्पट होतो. पुढे प्रत्येक अर्धा भाग पुन्हा दुप्पट केल्याने दोन जोडचित्रांतला फरक सरकण्याच्या चौपट होतो. चुकीला चौपट करणारे साधन मोजमापाच्या कामाचे नसते, असे माझे स्पष्ट मत आहे.

वळलेली मान ओळखण्याच्या काही खुणा आहेत आणि त्या एकत्रच दिसतात. एक कान दुसऱ्यापेक्षा जास्त दिसतो, कमी दिसणाऱ्या कानाकडचा गाल अरुंद होतो आणि नाकाचे टोक त्याच अरुंद बाजूकडे झुकलेले भासते. टोक हे नाकाच्या वरच्या, डोळ्यांमधल्या भागापेक्षा अधिक पुढे असल्यामुळे वळताना तेच जास्त सरकते आणि अगदी सरळ नाकही फोटोत तिरके दिसते. ‘फोटोत माझे नाक वाकडे येते’ अशी तक्रार करणाऱ्यांनी म्हणून प्रथम दोन्ही कान किती दिसतात ते पाहावे.

दुसरी चूक : जवळून घेतलेला सेल्फी

सेल्फीत मान सरळ ठेवूनही हाच परिणाम होतो, कारण मान वळवणे आणि कॅमेरा बाजूला असणे या दोन्हींत फोटोपुरता काहीच फरक नाही. फोन चेहऱ्यापासून ३० सेंटिमीटरवर असताना तो मध्यरेषेपासून जेमतेम अडीच सेंटिमीटर बाजूला गेला, तर वर सांगितलेले ५ अंश पूर्ण होतात. कॅमेरा दोन मीटर दूर असेल, तर तेवढ्याच कोनासाठी तो साडेसतरा सेंटिमीटर बाजूला जावा लागतो, आणि इतकी चूक सहज लक्षात येते. फोन आडवा धरल्यास अडचण आणखी वाढते. लेन्स पडद्याच्या एका टोकाला जाते, आपण मात्र पडद्याच्या मध्यावर दिसणाऱ्या स्वतःच्या चेहऱ्याकडे पाहत राहतो आणि नकळत तिकडेच तोंड करतो.

जवळच्या अंतराचा दुसरा दोष असा, की जे लेन्सच्या जवळ ते मोठे दिसते. गालांच्या कडा ३० सेंटिमीटरवर असतील, तर ६ सेंटिमीटर पुढे असलेले नाक त्यांच्या मानाने सुमारे २५ टक्के मोठे उमटते. दीड मीटरवर हा फरक ४ टक्क्यांच्या आसपास उरतो. त्यातच चेहरा थोडा वळलेला असला, की कॅमेऱ्याकडे आलेला गाल मोठा आणि मागे गेलेला गाल लहान होतो. जोडचित्रातला पसरट चेहरा त्यामुळे अधिकच पसरट आणि निमुळता चेहरा अधिकच निमुळता बनतो.

तिसरी चूक : मध्यरेषा सरळ आहे असे गृहीत धरणे

समजा मान अचूक सरळ आहे आणि कॅमेराही पुरेसा दूर आहे. तरीही कापायचे कोठे, हा प्रश्न राहतोच. दोन भुवयांमधला बिंदू, नाकाचे टोक, वरच्या ओठावरची खळगी, पुढच्या दातांमधली फट आणि हनुवटीचा मध्य हे पाचही बिंदू एका सरळ रेषेवर असलेली माणसे क्वचितच आढळतात. कोणाचे नाक एखाद-दुसरा मिलिमीटर उजवीकडे असते, तर हनुवटी डावीकडे. सरळ रेषा यांपैकी काही बिंदूंतून जाते आणि उरलेल्यांना चुकवते.

ज्या बिंदूला ती चुकवते, तेथे जोडचित्र विद्रूप होते. भुवयांचा मध्य धरून रेषा आखली आणि नाकाचे टोक तिच्या उजवीकडे २ मिलिमीटर असले, तर उजव्या बाजूच्या जोडचित्रात नाक ४ मिलिमीटरने रुंद होते आणि डाव्या बाजूच्या चित्रात तेवढेच अरुंद. हनुवटी दुसऱ्या बाजूला सरकलेली असल्यास रुंद नाकाच्या चेहऱ्याला टोकदार हनुवटी मिळते आणि अरुंद नाकाच्या चेहऱ्याला चौकोनी. नाकाची ठेवण आणि जबड्याचा आकार यांचाही माणसे ओळखण्यात वाटा असल्याने हे दोन चेहरे दोन निराळ्या व्यक्तींचे भासतात. बाजूला पाडलेल्या केसांच्या भांगाचेही तसेच होते. एका चित्रात कपाळ झाकले जाते, दुसऱ्यात उघडे पडते आणि चेहऱ्याचा सगळा तोल बदलतो.

प्रकाशाबद्दल थोडक्यातच सांगतो. खिडकी एका बाजूला असेल, तर सावलीतला अर्धा भाग दुप्पट होऊन संपूर्ण चेहरा खोल डोळ्यांचा आणि थकलेला दिसतो. त्यावरून त्या बाजूच्या स्वभावाचे किंवा भावनांचे निष्कर्ष काढू नयेत.

चौथी चूक : ‘खरा मी कोणता’ असे विचारणे

जोडचित्रांपैकी एक आपल्याला अधिक ओळखीचे वाटते, म्हणून तीच आपली खरी बाजू असे मानले जाते. गिल्बर्ट आणि बाकन यांनी १९७३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे आढळले, की मूळ चेहऱ्याशी अधिक मिळतेजुळते म्हणून लोक सामान्यतः पाहणाऱ्याच्या डाव्या हाताकडच्या अर्ध्या भागापासून बनवलेले चित्र निवडतात. मूळ फोटो उलटा छापला, तर निवडही त्याप्रमाणे बदलते. म्हणजे ही निवड चेहऱ्याच्या बाजूबद्दल कमी आणि पाहणाऱ्याच्या नजरेच्या सवयीबद्दल अधिक सांगते.

आरशाची सवयही यात मिसळते. मीटा, डर्मर आणि नाइट यांच्या १९७७ च्या प्रयोगात लोकांना स्वतःचा उलटा, आरशातल्यासारखा फोटो अधिक आवडला, तर त्यांच्या मित्रांना सुलटा फोटो. आरशात नेहमी एका बाजूला दिसणारी उंच भुवई सुलट्या फोटोत अचानक दुसऱ्या बाजूला येते आणि म्हणून ती प्रत्यक्षात आहे त्याहून अधिक खटकते. फोन सेल्फी उलटा जतन करतो की सुलटा, हे त्याच्या सेटिंगवर अवलंबून असते. तेव्हा दोन फोटोंची तुलना करण्यापूर्वी कपड्यावरची अक्षरे किंवा एखादा तीळ पाहून दोन्ही एकाच दिशेचे असल्याची खात्री करावी.

मग तपासायचे कसे

कॅमेरा डोळ्यांच्या उंचीवर, दीड ते दोन मीटर अंतरावर स्थिर ठेवावा आणि चेहरा मोठा दिसण्यासाठी जवळ न जाता झूम वापरावा. प्रकाश समोरून, दोन्ही बाजूंना सारखा असावा, केस मागे घ्यावेत, दात हलके मिटलेले आणि ओठ सैल असावेत. प्रत्येक वेळी मान एकदा पूर्ण हलवून पुन्हा सरळ करावी आणि असे सात-आठ फोटो काढावेत. दोन्ही कान सारखे दिसत नसलेले फोटो बाजूला काढावेत.

उरलेल्या फोटोंपैकी प्रत्येकाची आडवी उलटवलेली प्रत तयार करून ती मूळ फोटोवर ठेवावी, दोन्हींतले डोळ्यांचे आतले कोपरे एकमेकांवर नेमके बसवावेत आणि वरची प्रत दाखवत-लपवत पाहावी. जे अवयव या वेळी जागचे हलतात, तेथे दोन बाजूंत फरक आहे. येथे फरक चौपट होत नाही आणि नवा चेहराही तयार होत नाही. रुंद बाजू फोटोगणिक बदलत असेल, तर तो मान वळण्याचा परिणाम समजावा. प्रत्येक फोटोत तोच ओठाचा कोपरा किंवा तीच भुवई तेवढीच वर दिसत असेल, तर तो त्या चेहऱ्याचा गुण आहे.

आपला चेहरा दोन्हीकडे सारखा असता तर कसा दिसला असता, एवढेच कुतूहल असेल, तर मूळ फोटो आणि त्याची उलटी प्रत यांची सरासरी काढावी. वरच्या उदाहरणात ६५ आणि ७५ यांची सरासरी ७० येते आणि रुंदी पुन्हा १४० होते, म्हणजे जोडचित्रात चौपट झालेली चूक येथे जवळपास नाहीशी होते. नुसती अर्धपारदर्शक प्रत वर ठेवल्यास मात्र ओठ आणि नाकपुड्या पुसट होतात. त्यासाठी डोळे, नाक, ओठ आणि हनुवटी यांचे बिंदू जुळवून चित्र ताणणारे मॉर्फिंगचे साधन लागते.

या सगळ्या तपासणीतून एक परिस्थिती पूर्णपणे वगळावी. ओठाचा एक कोपरा अचानक खाली ओघळला, एक डोळा मिटेनासा झाला किंवा त्याबरोबर बोलणे अडखळू लागले, हात-पाय दुबळे वाटू लागले, तर जुने-नवे फोटो जुळवत बसू नये. हा पक्षाघात असू शकतो आणि त्यावरचे उपचार मिनिटा-मिनिटाला महत्त्वाचे असतात, म्हणून ताबडतोब रुग्णालय गाठावे.