लग्नाचे पोशाख फोटोवरून कसे पाहावेत आणि होकार कसा द्यावा: घरच्यांसाठी टिपण

नमस्कार,

लग्नाचे पोशाख आता शिवायला जात आहेत. घरातली सगळी मंडळी एका गावात नाहीत, त्यामुळे बरेचसे निर्णय फोनवर फोटो बघूनच घ्यावे लागणार आहेत. फोटो बघून काही गोष्टी खात्रीने ठरवता येतात, काही अजिबात ठरवता येत नाहीत. त्या कोणत्या, फोटो कुठे येतील, कसे पाहायचे आणि उत्तर कोणत्या शब्दांत द्यायचं, ते पुढे लिहिलं आहे. कृपया पहिला फोटो उघडण्याआधी हे एकदा पूर्ण वाचा.

होकार चार टप्प्यांत

प्रत्येक पोशाखाला आम्ही चार वेळा होकार मागू. पहिल्या टप्प्यात कापड आणि रंग, दुसऱ्यात नक्षीकामाचा नमुना आणि त्याची जागा, तिसऱ्यात कच्च्या शिलाईवरचं फिटिंग आणि चौथ्यात तयार पोशाख. हा क्रम कारागिरांच्या कामावरून ठरला आहे. नक्षी सहसा कापड बेतण्याआधी, सपाट कापडावर भरली जाते. एकदा ती भरली की रंग बदलता येत नाही आणि कापड बेतलं की नक्षी वरखाली सरकवता येत नाही. म्हणून ज्या टप्प्यात जे विचारलं असेल तेवढ्याचंच उत्तर द्या. रंगाचे तुकडे बघताना गळा केवढा खोल हवा याची चर्चा सुरू झाली की दोन्ही गोष्टी अर्धवट राहतात.

शेवटचा शब्द कोणाचा

प्रत्येक पोशाखासाठी घरातल्या एकाच व्यक्तीचं नाव आम्हाला कळवा. वधूचे पोशाख असतील तर ती स्वतः किंवा तिची आई, वराचे असतील तर तो स्वतः, असं काहीही चालेल, पण नाव एकच हवं. काका, मावशी, आजी सगळ्यांनी फोटो जरूर पाहावेत आणि मत द्यावं, पण ते मत त्या एका व्यक्तीकडे जाईल. शिंप्याला आम्ही फक्त तिचंच उत्तर पोहोचवू. ग्रुपवर कोणी अंगठा दाखवला किंवा ‘छान’ लिहिलं, तर तो आम्ही होकार मानणार नाही. चार फोटो लागोपाठ आले की तो अंगठा नेमका कोणत्या फोटोला होता, हे दुसऱ्या दिवशी कोणालाच सांगता येत नाही.

फोटो कुठे येतील

प्रत्येक पोशाखाचं एक वेगळं फोल्डर गूगल ड्राइव्हवर असेल आणि ते तुम्ही दिलेल्या ईमेल पत्त्यांनाच उघडेल. प्रत्येक फोटोला क्रमांक असेल, उदाहरणार्थ `V2-1-B`. यातलं V म्हणजे वधू, 2 म्हणजे तिचा दुसरा पोशाख, 1 म्हणजे पहिला टप्पा आणि B म्हणजे दाखवलेल्या पर्यायांपैकी दुसरा. वराच्या फोटोंची सुरुवात R ने होईल. बोलताना, लिहिताना हाच क्रमांक वापरा. ‘तो लालसर वाला’ असं म्हटलं की दोन माणसांच्या मनात दोन वेगळे तुकडे असतात.

व्हॉट्सॲपवर नेहमीच्या पद्धतीने फोटो पाठवला की तो दाबून लहान केला जातो. चेहरा त्यातही चांगला दिसतो, पण बारीक टाके आणि विणीचा पोत पुसट होतो. म्हणूनच ड्राइव्ह. व्हॉट्सॲपवर फक्त ‘नवे फोटो आलेत’ एवढाच निरोप येईल.

जो पोशाख काही जणांपासून लपवून ठेवायचा आहे, त्याचं नाव आत्ताच सांगा. त्या फोल्डरमध्ये दोनच पत्ते ठेवू आणि डाउनलोडची सोय बंद करू. तरीही स्क्रीनशॉट काढणं किंवा दुसऱ्या फोनने फोटो घेणं आम्ही थांबवू शकत नाही, एवढं लक्षात असू द्या. एकदाच उघडणारा फोटो पाठवा, अशी विनंती कधी कधी होते. पण तो पुन्हा पाहता येत नाही, शेजारी दुसरा ठेवून तुलनाही करता येत नाही, त्यामुळे मंजुरीसाठी तो निरुपयोगी आहे.

रंग कसा पाहायचा

सगळ्यात जास्त गोंधळ रंगाचा होतो. कारणं तीन: कॅमेरा, फोनची स्क्रीन आणि ज्या उजेडात कापड आहे तो उजेड.

चौकटीत सगळीकडे एकच गडद रंग असेल तर फोनचा कॅमेरा तो रंग ‘सुधारायला’ जातो आणि मूळ छटा बदलते. म्हणून आमच्या प्रत्येक फोटोत कापडाशेजारी एक साधा पांढरा कागद असेल. तो कागद ही तुमची कसोटी. एक उदाहरण घेऊ. `V2` या पोशाखासाठी मरून रेशमाचे तीन तुकडे दाखवले आहेत. वधूला `V2-1-B` मरून दिसतो, तिच्या आईला तोच विटकरी दिसतो. आईंनी त्या कागदाचा पांढरा आणि फोनवरच्या ॲपच्या पार्श्वभूमीचा पांढरा, दोन्ही एकत्र पाहावेत. ॲप पांढरं आणि फोटोतला कागद पिवळट असेल, तर फोटोत दोष आहे. आम्ही तो पुन्हा काढू. पण ॲपही पिवळट दिसत असेल, तर स्क्रीनवर काहीतरी चालू आहे. बहुतेक वेळा ते रात्रीचं डोळ्यांना आराम देणारं सेटिंग असतं. आयफोनवर ते `Night Shift` या नावाने सापडेल, अँड्रॉइडवर बहुधा `Night Light` किंवा `Eye Comfort` या नावाने. आयफोनवर भोवतालच्या उजेडानुसार स्क्रीनचा रंग बदलणारं `True Tone` हे वेगळं सेटिंगही असतं. ही सेटिंगं बंद करा, ब्राइटनेस पुरेसा वाढवा आणि मग पुन्हा पाहा. काही फोनवर रंग भडक दाखवणारा `Vivid` मोड सुरू असतो, तोही `Natural` वर आणा.

एवढं करूनही फोटो रंग जवळपासच दाखवतो. शेवटचा निर्णय हातातल्या कापडावरच व्हावा, यावर आम्ही ठाम आहोत. म्हणून साधारण १० सेंटिमीटर लांबीरुंदीचे तुकडे, मागे क्रमांक लिहून, कुरियरने तुमच्याकडे येतील. फोटो बघून तिनांपैकी एक बाद करा, उरलेल्या दोनांतला एक तुकडा हातात घेऊन निवडा.

तुकडा आधी दिवसा खिडकीजवळ, थेट ऊन न पडणाऱ्या जागी पाहा आणि मग त्याच दिवशी रात्री पिवळ्या दिव्याखाली. उजेडाची छटा केल्विनमध्ये मोजतात, आकडा जितका लहान तितका उजेड पिवळा. दिवसाचा उजेड साधारण ५००० ते ६५०० केल्विनचा धरतात, तर समारंभाच्या हॉलमधले उबदार दिवे बहुधा २७०० ते ३००० केल्विनचे असतात. त्या पिवळ्या उजेडात निळसर छटा दबतात आणि तांबूस छटा उठून दिसतात. दोन कापडं खिडकीजवळ अगदी एकसारखी वाटतात आणि दिव्याखाली वेगळी दिसतात, तेही यामुळेच, कारण त्यांची रंगद्रव्यं वेगळी असतात. ब्लाउज एका ठाणातून आणि ओढणी दुसऱ्या ठाणातून घेतली असेल तर ही तपासणी टाळू नका. `V2` समारंभात रात्री घातला जाणार आहे, म्हणून तिथे दिव्याखालचा रंग महत्त्वाचा. सकाळच्या पोशाखाला खिडकीजवळचा.

मखमलीबद्दल एक वेगळी सूचना. तिची लव ज्या दिशेला झुकते त्यावरून एकच कापड गडद किंवा फिकं दिसतं. तुकडा उभा धरा, मग उलटा करून धरा. दोन छटा दिसल्या तर तो दोष नाही, फक्त बेतताना सगळे भाग एकाच दिशेने ठेवायला हवेत, आणि तसं आम्ही शिंप्याला लिहून देतो.

फिटिंगचे फोटो

तिसऱ्या टप्प्यात पोशाख धावदोऱ्याने जोडलेला असेल, त्यामुळे तो ओबडधोबड दिसेल. दोरे लोंबतील, अस्तर नसेल. तिकडे लक्ष देऊ नका. तिथे पाहायचं ते माप.

ट्रायलला येणाऱ्याने लग्नात घालायच्या चपला किंवा बूट आणि आतले कपडे सोबत आणावेत. टाच ५ सेंटिमीटरने बदलली की घेराची उंचीही तेवढीच चुकते. फोटो आम्ही सुमारे ३ मीटरवरून, कमरेच्या उंचीवरून काढतो, कारण जवळून काढलेल्या फोटोत कॅमेऱ्याजवळचा भाग उगाच मोठा दिसतो. समोरून, दोन्ही बाजूंनी, पाठीमागून, बसलेलं आणि दोन्ही हात वर केलेलं असे सहा फोटो असतील, शिवाय चालतानाचा छोटा व्हिडिओ. बसलेला आणि हात वर केलेला हे दोन फोटो सोडू नका. उभं राहून चोख दिसणारा पोशाख बसल्यावर पोटाशी ताणतो किंवा हात वर केल्यावर कमरेपासून वर सरकतो, आणि लग्नाचे कित्येक तास बसण्यातच जातात.

फोटोत सुरकुत्या वाचायची पद्धत सोपी आहे. बटणापासून किंवा हुकापासून दोन्ही बाजूंना आडव्या रेघा ओढल्या गेल्या असतील तर तिथे कापड कमी पडतं आहे. उभ्या, सैल घड्या पडल्या असतील तर कापड जास्त आहे. खांद्यापासून काखेकडे तिरकी रेघ जात असेल तर खांद्याचा उतार जुळलेला नाही, आणि तो आत्ताच दुरुस्त व्हायला हवा. तयार कोटाचा खांदा नंतर बदलणं फार अवघड असतं. बाजूच्या शिवणीत मात्र माया ठेवलेली असते, त्यामुळे तिथे थोडं सैल करता येतं. तरी रेशीम किंवा मखमल उसवल्यावर जुन्या टाक्यांची भोकं दिसू शकतात, म्हणून तेही ‘नंतर बघू’ म्हणून सोडू नका.

कापड टोचतं का, श्वास घेताना आवळतं का, वजन खांद्यावर येतं का, हे फोटोत दिसत नाही. ते घालणाऱ्या व्यक्तीलाच विचारावं आणि तिचं उत्तर बाकी सगळ्यांच्या मतापेक्षा वरचं मानावं.

उत्तर कसं लिहायचं

उत्तर तीनांपैकी एका शब्दाने सुरू करा: मंजूर, बदल किंवा थांबा. बदल असेल तर क्रमांक, जागा आणि माप लिहा. ‘हात जरा लांब वाटतो’ यावरून शिंप्याला कात्री चालवता येत नाही. नीट उत्तर असं असतं:

```
V2-3 बदल
डावी बाही: 1.5 cm कमी
मागचा गळा: आहे तसाच
```

मापाचा अंदाज येत नसेल तर फोटोवर बोटाने रेघ काढून पाठवा, माप आम्ही ट्रायलच्या वेळी घेतलेल्या टिपणावरून काढू.

फोटो आल्यापासून ४८ तासांत उत्तर यावं. आलं नाही तर आम्ही एकदा फोन करू. त्यानंतरही उत्तर नसेल तर आम्ही होकार गृहीत धरणार नाही. काम तिथेच थांबेल आणि कारागीर दुसरं काम हातात घेईल. त्यामुळे ज्या दिवसांत तुम्ही प्रवासात असाल, ते आधी कळवा, म्हणजे ट्रायलची तारीख त्याभोवती लावता येईल.

मंजूर लिहिल्यावर मन बदललं तर लगेच फोन करा, संदेश लिहून वाट पाहू नका. कापड बेतायचं बाकी असेल तर बदल साधा असतो. बेतून झालं असेल तर काय शक्य आहे आणि त्याला किती दिवस लागतील, हे आम्ही शिंप्याशी बोलून त्याच दिवशी सांगू.

चौथ्या टप्प्यात तयार पोशाख पूर्ण दागिन्यांसह घालून पाहायचा आहे, कारण जड हार नक्षीत अडकतो का ते तेव्हाच कळतं. या टप्प्याची ट्रायल लग्नाच्या किमान १० दिवस आधी होईल, म्हणजे हुक, काठ, लांबी अशा लहान दुरुस्त्यांना वेळ उरतो. पोशाख ताब्यात घेताना प्रत्येकाच्या पिशवीवर तोच क्रमांक आणि आतल्या वस्तूंची यादी लावलेली असेल. ती यादी मोजून घेऊनच सही करा. लग्नानंतर ३० दिवसांनी सगळी फोल्डरं आम्ही पुसून टाकू. त्याआधी तुम्हाला हवे ते फोटो उतरवून घ्या.