मनगटाची आठ हाडं आणि अंगठ्याखालचा यम

फर्स्ट इयरच्या व्हायव्हात हाताचा सांगाडा समोर आला आणि ट्रॅपेझियम-ट्रॅपेझॉइड या मनगटाच्या दोन हाडांची माझ्याकडून अदलाबदल झाली. आद्याक्षरांवरून हाडांचा क्रम आठवायचं इंग्रजी वाक्य पाठ होतं, पण त्यातले तीन ‘टी’ एकसारखेच वाटायचे. रात्री रूमवर नवं वाक्य जुळवलं: ‘सासूने लाटली टम्म पोळी, ट्रेनमध्ये टिफिन कोणी हादडला?’

म्हणजे स्कॅफॉइड, ल्युनेट, ट्रायक्वेट्रल, पिसिफॉर्म. स्वल्पविरामानंतर बोटांकडची ओळ: ट्रॅपेझियम, ट्रॅपेझॉइड, कॅपिटेट, हॅमेट. पोळी टम्मवर ठेवलेली, तसं पिसिफॉर्म ट्रायक्वेट्रलच्या पुढ्यात, तळहाताच्या बाजूला बसतं.

उरला दोन ट्रॅपेचा घोळ. ट्रॅपेझियमच्या शेवटी चक्क ‘यम’ आहे! अंगठ्याच्या बुडाशी यम उभा, आणि त्याच्या शेजारी, तर्जनीच्या रेषेत ट्रॅपेझॉइड. हे काही केल्या विसरत नाही.

एक मात्र सांभाळा: दोन्ही ओळी अंगठ्याकडूनच सुरू करायच्या. मी एकदा दुसरी ओळ करंगळीकडून मोजली आणि हॅमेटला ट्रॅपेझियम म्हणून बसलो. आता आधी करंगळीच्या बाजूला, मनगटाच्या घडीवर पिसिफॉर्मचा वाटाण्याएवढा उंचवटा चाचपतो. पहिली ओळ तिथेच संपली पाहिजे. नाही संपली, तर सुरुवातच उलट्या टोकाने झाली.