पहिले बूट घेण्याआधी पुठ्ठ्याची पट्टी कापा

चालणं स्थिर झालं आणि पोरगी अंगणाबाहेर पडायला लागली, की मगच बूट घ्यायचे. घरात अनवाणीच राहू द्या. बोटांनी फरशी धरतच मुलं तोल सांभाळायला शिकतात.

माप संध्याकाळी घ्या, दिवसभरात पाय थोडा फुगतो. कागद भिंतीला लावून पसरा, मुलीला टाच भिंतीला टेकवून त्यावर उभं करा आणि सगळ्यात लांब बोटापुढे खूण करा. ते बोट अंगठाच असेल असं नाही. झोपलेली असताना माप घेऊ नका. अंगाचा भार पडला की पाऊल पसरतं आणि ते पसरलेलं मापच खरं. दोन्ही पायांचं घ्या. आमच्या मुलीचा डावा पाय दोन मिलिमीटर मोठा निघाला, मोठा असेल तोच धरायचा. थंडीत मोजे घालणार असाल तर मोज्यांसकट मोजा.

आता त्या मापात दहा-बारा मिलिमीटर मिळवा आणि तेवढ्या लांबीची, बोटभर रुंद पुठ्ठ्याची पट्टी कापून दुकानात न्या. बुटात ती टाचेपर्यंत सपाट बसली पाहिजे. वाकली तर बूट लहान. बुटावरच्या नंबरावर जाऊ नका, एकाच नंबराचे दोन कंपन्यांचे बूट आतून वेगळे भरतात. दुकानदार पुढून अंगठ्याने दाबून ‘बघा ताई, जागा आहे’ म्हणतो, त्यावरही विसंबू नका. दाबलं की मुलं बोटं आत आखडतात आणि जागा असल्यासारखी वाटते.

पण पट्टी तिथे फेकून देऊ नका. माझी चूक इथेच झाली. दिवाळीआधी नागपुरात बर्डीवर बूट घेतले तेव्हा सगळं नीट बघितलं होतं. पाय ११९ मिलिमीटर, बूट आतून १३०, म्हणजे ११ ची मोकळीक. त्यानंतर पुन्हा मोजलंच नाही. गुढीपाडव्याच्या सुमारास ती बाहेर चार पावलं टाकायची आणि खाली बसून बूट ओढायची. मला वाटलं हट्ट करते. एका संध्याकाळी मोजे काढले तर बोटांची टोकं लाल, करंगळी आत दबलेली. माप घेतलं, १२८. दोन मिलिमीटर उरले होते! पाच महिन्यांत पाय नऊ मिलिमीटर वाढला आणि मला कळलंही नाही.

तिने सांगितलं का नाही, असं सासूबाईंनी विचारलं. या वयात पावलाची हाडं बरीचशी कूर्चेचीच असतात, वरून चरबीची गादी. पाऊल बुटाच्या आकारात मुकाट्याने दबतं, दुखतंय हे मुलाला उशिरा कळतं. म्हणून तक्रारीची वाट बघायची नाही. दर सहा आठवड्यांनी मोजायचं. बूट घेतले त्याच दिवशी भिंतीवरच्या कॅलेंडरवर पुढच्या दोन-तीन तारखांना गोल करा. जपून ठेवलेली पट्टी बुटाच्या आतल्या लांबीएवढी नसेल तर तेवढी दुसरी कापा आणि तिच्यावर तारीख लिहा, मग मुलीला तिच्यावर उभं केलं की किती उरलं ते लगेच दिसतं. अर्ध्या सेंटिमीटरच्या खाली गेलं की बूट बदला, मग ते कितीही नवे दिसोत.

‘वाढता पाय आहे, दोन नंबर मोठेच घे’ हा सल्ला घरोघरी मिळतो. ऐकू नका. टाच आत वरखाली होते, बूट सुटू नये म्हणून मूल बोटांनी पकड धरून चालतं आणि अडखळतं. मोकळीक दहा-बारा मिलिमीटरच, आणि दर सहा आठवड्यांनी मोजणं. मोठा बूट घेऊन हे मोजणं टाळता येत नाही.

बुटाचा तळ हातात धरून वाकवून बघा. बोटं जिथे सुरू होतात तिथे तो सहज वाकला पाहिजे. मधोमध दुमडला तर पावलाला आधार नाही, कुठेच वाकला नाही तर मूल पाय आपटत चालेल. टाचेमागचा भाग चिमटीत दाबला तर चेपू नये. चिकटपट्टी असलेला घ्या, उघडायला सोपा पडतो. आतेभावाचे जुने बूट नकोत, त्यांत त्याच्या पावलाचा आकार बसलेला असतो. पाऊल सपाट दिसतं म्हणून आत उंचवट्याची गादी घालायची गरज नाही, या वयात ते तसंच दिसतं. मात्र बूट काढल्यावरही लंगडत असेल तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा.

घरी आल्यावर दहा-पंधरा मिनिटं घालून फिरवा, काढून लाल वळ बघा. वळ असेल तर परत करा, बिल ठेवा. उन्हाळ्यात दुपारचा रस्ता भाजतो, तेव्हा बूट असले तरी बाहेर नकोच.

आणि कॅलेंडरवर गोल केलात का? आत्ताच करा.