भाड्याचे घर ताब्यात घेण्यापूर्वी दिलेली दोषांची यादी

घर पाहताना शयनगृहाच्या भिंतीवर जमिनीपासून सुमारे दोन फुटांपर्यंत रंगाचे पापुद्रे सुटलेले दिसले आणि भिंतीवर बोटाने ठोकले तेव्हा गिलावा पोकळ वाजला. पलीकडे न्हाणीघर होते. मालक म्हणाले, "रंग लावून देतो." तोंडी आश्वासनावर न थांबता मी त्याच रात्री त्यांना ईमेल पाठवला आणि छायाचित्रे जोडली. "भिंत खराब आहे" असे मोघम लिहिण्याऐवजी कोणती भिंत, किती उंचीपर्यंत ओल आणि नेमके काय अपेक्षित आहे, हे मी नोंदवले: आधी न्हाणीघरातील गळती शोधून बंद करावी, भिंत वाळू द्यावी आणि मगच रंग द्यावा, कारण ओल्या भिंतीवरचा रंग काही आठवड्यांत पुन्हा सुटतो. खिडकीची तुटलेली कडी व गळका नळ यांना एकेक ओळ पुरली.

दुरुस्ती ताबा घेण्याच्या आठ दिवस आधी पूर्ण व्हावी आणि पुन्हा पाहणी झाल्यावरच उरलेली अनामत रक्कम देईन, असेही लिहिले. त्यावर "मान्य आहे" एवढे लेखी उत्तर मागितले. ते आले आणि ती यादी करारनाम्याला जोडली गेली. दुसऱ्या पाहणीत न्हाणीघराचा नळ अर्धा तास चालू ठेवला. भिंत कोरडी राहिली, कडी मात्र तशीच तुटलेली होती.